कोड्यातील संकेतांची विसंगती

कोड्यातील संकेतांची विसंगती म्हणजे दिलेले सर्व संकेत एकाच वेळी पाळणारे एकही उत्तर अस्तित्वात नसणे. संकेत क्रमाने वाचत गेल्यास ज्या संकेतापाशी शक्य उत्तरांची संख्या प्रथम शून्य होते, त्याला विसंगतीचा प्रथम बिंदू म्हणता येते. हा बिंदू तपासणीसाठी उपयुक्त असतो; मात्र चूक त्याच संकेतात असेल असे नाही.

== उदाहरण ==
ठाणे जिल्ह्याच्या शहापूर तालुक्यातील किन्हवली व डोळखांब आणि मुरबाड तालुक्यातील सरळगाव, टोकावडे व धसई ही पाच गावे घेऊन रचलेले पुढील कोडे काल्पनिक आहे. एक फिरते ग्रंथालय सोमवार ते शुक्रवार दररोज एका गावी जाते आणि प्रत्येक गावी एकदाच जाते. संकेत असे :

# किन्हवलीच्या लगेच दुसऱ्या दिवशी डोळखांब येते.
# टोकावड्याला गाडी शुक्रवारी जात नाही.
# सरळगाव किन्हवलीच्या आधी येते.
# धसई व टोकावडे लागोपाठच्या दिवशी येत नाहीत.
# डोळखांबला गाडी मंगळवारी जाते.
# टोकावड्याला गाडी सोमवारी जाते.

== क्रमवार तपासणी ==
कोणताही संकेत नसताना पाच गावांचे १२० क्रम शक्य असतात. पहिल्या संकेताने किन्हवली व डोळखांब यांची जोडी बांधली जाते आणि २४ क्रम उरतात. दुसऱ्या संकेतानंतर १८, तिसऱ्यानंतर ९ आणि चौथ्यानंतर ४ क्रम शिल्लक राहतात. या चारही क्रमांत डोळखांब गुरुवारी किंवा शुक्रवारी येते. पाचवा संकेत मात्र मंगळवार सांगतो. त्यामुळे एकही क्रम उरत नाही. म्हणून विसंगतीचा प्रथम बिंदू पाचवा संकेत होय. सहावा संकेत वाचण्याची गरजच उरत नाही.

या कोड्यातील कोणतेही दोन संकेत वेगळे काढून पाहिल्यास ते एकमेकांशी जुळतात. जोड्याजोड्यांनी केलेल्या तपासणीत म्हणूनच ही विसंगती सापडत नाही. अर्धवट भरलेल्या सुडोकूत दोन समान अंक एका ओळीत, स्तंभात किंवा चौकटीत दिसत नसतानाही तो न सुटणारा असू शकतो, त्याचे कारणही हेच.

== विसंगतीचे कारण ==
प्रथम बिंदूपर्यंतच्या पाच संकेतांतून एकेक वगळून पाहिले असता दुसरा व चौथा वगळल्याने विसंगती कायम राहते. पहिला, तिसरा किंवा पाचवा वगळल्यास मात्र उत्तर मिळते. डोळखांब मंगळवारी असल्यास पहिल्या संकेतानुसार किन्हवली सोमवारी येते. मग सरळगावला त्याआधीचा दिवसच उरत नाही. ज्यातील एकही संकेत वगळला तरी विरोध नाहीसा होतो, अशा संचास लघुतम विसंगत संच म्हणतात. येथे तो १, ३ व ५ या संकेतांचा आहे.

मात्र एका कोड्यात असे अनेक संच असू शकतात. वरील कोड्यात तिसरा संकेत काढून टाकला, तरी सहाव्यापाशी पुन्हा विरोध उद्भवतो, कारण किन्हवली व टोकावडे दोन्ही सोमवारी येतात. दुसरा संच १, ५ व ६ यांचा आहे. दोन्ही संचांत पहिला व पाचवा संकेत समाईक असल्याने एकाच संकेतात दुरुस्ती करायची असल्यास ती त्यांपैकीच एकात करावी लागते. पाचव्यात ‘मंगळवारी’ऐवजी ‘गुरुवारी’ असे केल्यास टोकावडे, सरळगाव, किन्हवली, डोळखांब, धसई हे एकमेव उत्तर मिळते.

== क्रमाचा प्रभाव ==
प्रथम बिंदू संकेतांच्या क्रमावर अवलंबून असतो. हेच संकेत उलट क्रमाने, सहाव्यापासून पहिल्याकडे वाचल्यास दुसऱ्या संकेतापर्यंत ३ उत्तरे शिल्लक राहतात आणि विसंगती पहिल्या संकेतापाशी प्रकट होते. लघुतम विसंगत संच मात्र क्रम बदलल्याने बदलत नाहीत.

== मोठी कोडी ==
एकदा विसंगत झालेल्या संकेतसमूहात आणखी संकेत घातल्याने तो सुसंगत होत नाही. त्यामुळे प्रथम बिंदू शोधताना प्रत्येक संकेतानंतर तपासणी करावी लागत नाही. संपूर्ण समूह विसंगत असल्याचे कळल्यावर आधी निम्मे संकेत तपासावेत; ते विसंगत असल्यास बिंदू पूर्वार्धात, अन्यथा उत्तरार्धात असतो. अशा रीतीने ६४ संकेतांसाठी ६ तपासण्या पुरतात.

प्रत्येक तपासणी पूर्ण असणे मात्र आवश्यक असते. गावे पाचऐवजी दहा घेतल्यास सुरुवातीचे क्रमच ३६,२८,८०० होतात. म्हणून सर्व क्रम न मांडता अशक्य पर्याय आधीच छाटले जातात. केवळ छाटणीत विरोध दिसला नाही, एवढ्यावरून संकेत सुसंगत ठरत नाहीत; त्यासाठी सर्व संकेत पाळणारे एक तरी उत्तर प्रत्यक्ष दाखवावे लागते.