मूल कधी, की मूल हवे का?

मुलाविषयी नवरा-बायकोत चाललेल्या चॅटमध्ये दोन प्रश्न एकमेकांत मिसळलेले असतात: मूल हवे का आणि हवे तर कधी. बोलणे बहुधा ‘कधी’वरच होते, कारण त्यात कुणी दुखावले जात नाही. त्यामुळे वाचताना प्रत्येक वाक्य यांपैकी कोणत्या प्रश्नाचे उत्तर आहे, हे आधी वेगळे काढावे लागते.

पुण्यातल्या नोकरदार जोडप्याचे एक कल्पित चॅट घेऊ. ती लिहिते, “डॉक्टर म्हणाल्या, एएमएच कमी आहे, फार थांबू नका.” तो म्हणतो, “बघू. आधी फ्लॅटचा ताबा मिळू दे.” काही महिन्यांनी ती लिहिते, “ताबा मिळाला. आई परत विचारत होत्या. आता?” त्याचे उत्तर: “हो गं, पण अप्रेझल होऊ दे.”

वरवर पाहता तिला मूल हवे आहे आणि तो टाळतो आहे. एक अट पुरी होताच दुसरी पुढे येणे ही खरोखरच नकाराची खूण असू शकते. पण निकाल देण्याआधी कुणी न विचारता आलेले मेसेज शोधावेत, कारण त्यांच्यावर समोरच्याच्या प्रश्नाचा दाब नसतो. याच चॅटमध्ये दिवाळीनंतर त्याने लिहिले आहे, “दादाची पोरगी गेली, घर सुनंसुनं वाटतंय.” पुढे एकदा विचारले आहे, “तुला 26 आठवडे पगारी रजा मिळेल ना? नंतर बाळाला कोण बघणार?” ज्याला मूल नकोच असते, तो सहसा इतक्या बारकाव्यात शिरत नाही. त्याच्या दोन्ही अटी पैशाच्या आहेत. ‘हवे का’ला त्याचा होकार दिसतो, अडते ते ‘कधी’वर.

आता तिचे मेसेज पुन्हा वाचावेत. डॉक्टर म्हणाल्या, सासूबाई विचारत होत्या. घाई सगळी दुसऱ्यांच्या तोंडची. “मला हवंय” असे ती कुठेच लिहीत नाही. मुळात एएमएचवरून अंडाशयात उरलेल्या बीजांचा अंदाज येतो, नैसर्गिकरीत्या दिवस राहतील की नाही हे त्यावरून नीट सांगता येत नाही. तरीही या जोडप्याच्या बोलण्यात तो आकडा मुदतीसारखा वापरला गेला आहे. ‘कधी’बद्दल ती ठाम आहे, पण ‘हवे का’ हे तिच्यापुरते अजून न बोललेलेच आहे.

मात्र न लिहिलेले वाक्य म्हणजे नकार नव्हे. लग्नाआधीच ठरले असल्याने तिला ते लिहिण्याची गरज वाटली नसेल, किंवा ती प्रत्यक्ष बोलली असेल. चॅटमध्ये स्वयंपाकघरातले बोलणे उतरत नाही. ‘बघू’सुद्धा एकट्याने काहीच सांगत नाही, तो माणूस गावच्या तिकिटालाही ‘बघू’च म्हणत असेल. म्हणून वाचून निघालेला अर्थ हा अंदाजच धरावा आणि दोघांना वेगवेगळे विचारून तपासावा. त्याला: पैशाची सोय आजच झाली, तर? तिला: डॉक्टर किंवा सासूबाई कुणीच काही म्हणाले नसते, तर? पहिल्या प्रश्नावर त्याने तिसरी अट काढली, तर त्याच्याविषयीचा अंदाज चुकला असे समजावे.