सरकारी कामं कोणाला मिळाली, हे कसं शोधायचं?

महाराष्ट्र शासनाच्या mahatenders.gov.in या संकेतस्थळावर खात्यानुसार निविदा शोधता येतात, निविदेच्या क्रमांकावरूनही शोधता येतात. ‘अमुक कंपनीला आजवर कोणती कामं मिळाली?’ हा प्रश्न मात्र तिथे थेट विचारता येत नाही. नोंदी निविदेनुसार लावलेल्या आहेत, ठेकेदारानुसार नाहीत. त्यामुळे कंपनीची यादी आपल्यालाच तयार करावी लागते. ते किचकट आहे, पण लॉगिन लागत नाही आणि पैसेही पडत नाहीत.

सुरुवात कंपनीपासून न करता खात्यापासून करावी. समजा, आपल्या तालुक्यात रस्त्यांची कामं करणारी एक कंपनी आहे. तिच्या कामाच्या फलकावर सार्वजनिक बांधकाम विभागाचं नाव दिसतं. मग ‘Tender Status’ या पानावर तो विभाग निवडायचा, स्थितीच्या रकान्यात AOC निवडायचं आणि पडद्यावरची अक्षरं भरून शोध घ्यायचा. AOC म्हणजे काम अधिकृतपणे दिल्याची नोंद. प्रत्येक निविदेला 2022_PWD_XXXXXX_1 अशा मांडणीचा क्रमांक असतो: वर्ष, खात्याचं लघुरूप, आकडा आणि शेवटी त्याच सूचनेतल्या कामाचा अनुक्रम. हा क्रमांक आधी वहीत उतरवून घ्यावा, कारण पुढची सगळी कागदपत्रं त्यावरच मागता येतात.

निविदा उघडली की टप्प्यांचा तपशील दिसतो. पहिल्या लिफाफ्यात पात्रतेची कागदपत्रं, दुसऱ्यात दर. समजा, एका कामाची अंदाजपत्रकीय रक्कम 2 कोटी 50 लाख आहे. आपल्या कंपनीने 2 कोटी 5 लाख भरले, म्हणजे 18 टक्के बिलो. बाकी दोघांनी 2 कोटी 48 आणि 2 कोटी 49 लाख भरले. दरांचा लिफाफा उघडताच आपली कंपनी L1, म्हणजे सर्वांत कमी दराची ठरते. इथेच बरेच जण थांबतात आणि ‘काम मिळालं’ असं लिहून टाकतात. पण L1 ठरल्यावरही वाटाघाटी होतात, निविदा रद्द होते, फेरनिविदा निघते. AOC ची नोंद दिसल्याशिवाय ते काम यादीत धरू नये. शिवाय दरपत्रकात जीएसटी धरला आहे की वेगळा आहे, हे पाहिल्याशिवाय दोन कामांच्या रकमांची तुलना करू नये.

खरी अडचण नावाची असते. एकच कंपनी कुठे ‘प्रा. लि.’, कुठे ‘प्रायव्हेट लिमिटेड’ अशी नोंदलेली असते. कुठे दुसऱ्या कंपनीबरोबर संयुक्त भागीदारीत, नावापुढे JV लावून. उलट एकसारख्या नावाच्या दोन स्वतंत्र कंपन्याही असतात. अशा वेळी पॅनवर भरवसा ठेवावा. जीएसटीच्या 15 अक्षरी क्रमांकात तिसऱ्यापासून बाराव्यापर्यंतची दहा अक्षरं म्हणजे त्या व्यवसायाचा पॅन. पॅनचं चौथं अक्षर C असेल तर ती कंपनी, F असेल तर भागीदारी संस्था, P असेल तर एकटी व्यक्ती. कंपनीचे संचालक कोण, हे केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या mca.gov.in वरून कळतं.

आता हरलेल्यांकडेही पाहावं, आणि माझ्या मते यादीतला सर्वांत मोलाचा भाग हाच असतो. जिंकणारा आणि हरणारे प्रत्येक कामावर एक रकाना करून लिहिले, की कधी कधी दिसतं: तेच तिघे वर्षभर एकमेकांसमोर उभे राहतात आणि पाळीपाळीने जिंकतात. हरणारे दर अंदाजपत्रकाच्या अगदी जवळ असतात, किंवा दोन कंपन्यांत संचालक एकच निघतो. संगनमताने निविदा भरायला स्पर्धा कायदा, 2002 मनाई करतो. तरीही एवढ्यावरून संगनमत सिद्ध होत नाही. छोट्या तालुक्यात पात्र ठेकेदारच तीन असू शकतात. ती चौकशीची सुरुवात असते, निकाल नव्हे.

ही यादी पुरी नसते, हेही ध्यानात ठेवावं. कार्यालयांची वस्तूंची खरेदी बरीचशी gem.gov.in वर होते, ती वेगळी पाहावी लागते. केंद्राच्या खात्यांसाठी eprocure.gov.in आहे. कमी रकमेची कामं कोटेशनवर दिली जातात, ती यांतल्या एकाही ठिकाणी सापडतीलच असं नाही.

शिवाय इथे दिसते ती काम देतानाची रक्कम; प्रत्यक्ष दिलेली नव्हे. मधल्या काळात जादा बाबी निघतात, सुधारित मान्यता येते, किंवा काम अर्धंच राहतं. तो हिशेब हवा असेल तर वहीतला निविदा क्रमांक घालून संबंधित कार्यकारी अभियंत्याच्या कार्यालयाकडे माहिती अधिकाराचा अर्ज करावा. शुल्क 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. ‘सर्व माहिती द्यावी’ असं न लिहिता नेमके कागद मागावेत: कार्यारंभ आदेश, मोजमाप पुस्तकाच्या संबंधित पानांची प्रत, मुदतवाढीचे आदेश आणि अंतिम देयक.