पत्रात तुम्ही किती, आम्ही किती?

चिखलीतल्या छोट्या वर्कशॉपमधून चाकणच्या खरेदी विभागाला जाणारा ईमेल बहुधा असा सुरू होतो: ‘आमच्याकडे चार सीएनसी मशीन आहेत, आम्ही दर्जेदार काम करतो.’ यात सगळं स्वतःबद्दलच आहे, वाचणारा कुठेच नाही. पण नुसतं ‘आम्ही’ खोडून भागत नाही. ‘करतो’, ‘देतो’ ही क्रियापदंही स्वतःबद्दलच बोलतात. त्यापेक्षा असं लिहा: ‘तुमच्या चौकशीतल्या बुशला 20 मायक्रॉनची मर्यादा आहे. पहिल्या लॉटसोबत तुम्हाला मोजमापाचा अहवाल लागेल. तो आम्ही जोडू.’

इथला शेवटचा ‘आम्ही’ मात्र हवाच. ‘अहवाल जोडला जाईल’ म्हटलं की जबाबदारी कोणाची, ते कळत नाही. आणि ‘तुमचं रिजेक्शन वाढलं असेल’ असा अंदाज तर मुळीच नको. ‘तुम्ही’ आला, तरी वाचणाऱ्याला ते आरोपासारखं लागतं. ड्रॉइंगवर किंवा चौकशीत दिसतं तेवढंच लिहावं.