‘ळ’चा आकडा

जुन्या फाइलमधला मजकूर उघडावा आणि ‘ळ’च्या जागी `ळ` दिसावे, असे कधीकधी होते. अक्षर हरवलेले नसते. त्याचा दशमान क्रमांक तेवढा उघडा पडलेला असतो. युनिकोडच्या तक्त्यात मात्र क्रमांक सोळाच्या पटीत, म्हणजे षोडशमान पद्धतीने लिहितात. म्हणून २३५५ला सोळाने भागायचे: भागाकार १४७, बाकी ३. पुन्हा १४७ला भागले की ९, बाकी ३. उरलेला ९ सोळापेक्षा लहान, तो तसाच घ्यायचा. आता शेवटून वर वाचा: ९, ३, ३. चार अंक भरण्यासाठी पुढे शून्य लावले की `U+0933`, आपला ‘ळ’.

बाकी नऊच्या पुढे गेली तर अक्षर येते: दहाला A, पंधराला F. ‘म’चा क्रमांक २३५०, त्याची पहिली बाकी १४, म्हणजे E. म्हणून तो `U+092E`.

खरी चूक होते ती एका x मुळे. `ळ`ऐवजी `⍕` लिहिले, तर संगणक तोच आकडा षोडशमान समजतो आणि ‘ळ’ऐवजी ⍕ हे एपीएल या संगणकभाषेतले चिन्ह उमटते. देवनागरीचा मुख्य विभाग दशमानात २३०४ ते २४३१, षोडशमानात 0900 ते 097F. मराठी मजकुरात असे परके चिन्ह दिसले, तर आधी तो x तपासावा.