वर्गात पुस्तक परीक्षण सादर करताना

वर्गासमोर पुस्तक परीक्षण सादर करायला विद्यार्थ्याला साधारण पाच मिनिटे मिळतात. तेवढ्या वेळात चार गोष्टी व्हाव्यात अशी अपेक्षा असते: पुस्तकाचा सारांश, आवडलेले भाग, टीका आणि शेवटी शिफारस. प्रत्यक्षात बहुतेक सादरीकरणांत पहिली साडेतीन मिनिटे कथा सांगण्यातच जातात. उरलेल्या वेळात ‘पुस्तक मला खूप आवडले, सर्वांनी जरूर वाचावे’ असे म्हणून विद्यार्थी जागेवर जाऊन बसतो. ऐकणाऱ्यांना गोष्ट कळते, पण परीक्षण ऐकायला मिळत नाही. याचे कारण बहुधा तयारीच्या क्रमात असते. बोलताना सारांश आधी येतो म्हणून लिहायलाही तिथूनच सुरुवात होते, आणि लिहिणारा त्यातच अडकतो.

लिहिण्याचा क्रम बोलण्याच्या उलट ठेवला तर ही अडचण सुटते. आधी शिफारशीचे एक वाक्य ठरवावे, मग टीका आणि आवडलेले भाग लिहावेत, आणि सारांश सर्वांत शेवटी. पुस्तकाबद्दलचे मत एकदा पक्के झाले की कथेतला किती भाग सांगायचा हे आपोआप ठरते. त्या मताला आधार देणारा भाग ठेवायचा आणि बाकीचा सोडायचा.

व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ ही कादंबरी उदाहरणादाखल घेता येईल. 1955 साली प्रसिद्ध झालेले हे पुस्तक आकाराने लहान आहे आणि नववी-दहावीच्या विद्यार्थ्याच्या आवाक्यातले आहे. त्यात सरळ रेषेत जाणारे कथानक नसल्यामुळे त्याचा सारांश सांगणे अवघड जाते. रचनेचा कस पाहायला म्हणूनच ते उपयोगी पडते.

शिफारशीचे वाक्य एका ओळीत बसणारे आणि ज्याच्याशी दुसरा कोणी असहमत होऊ शकेल असे असावे. ‘बनगरवाडी ही एक अप्रतिम कादंबरी आहे’ यावर वाद होऊच शकत नाही, म्हणून त्यातून काही हातीही लागत नाही. त्याऐवजी विद्यार्थी असे लिहू शकतो: ‘या कादंबरीचा नायक मास्तर नाही, वाडी आहे, म्हणून एका माणसाची गोष्ट शोधणाऱ्याला ती विस्कळीत वाटेल, पण गाव पाहू इच्छिणाऱ्याला ती सोडवणार नाही.’ या एका वाक्यात स्तुती, टीका आणि वाचक कोण हे तिन्ही आले. पुढची सगळी मांडणी याच वाक्याच्या आधाराने होते.

आता आवडलेले भाग. इथे नेहमी होणारी चूक म्हणजे सात-आठ प्रसंगांची नुसती नावे घेणे. पाच मिनिटांत दोन प्रसंग पुरतात, पण ते जवळून दाखवावे लागतात. वरच्या वाक्याला धरून पहिला प्रसंग तालमीचा निवडता येईल. वाडीत तालीम असावी ही कल्पना मास्तर मांडतो. मग धनगर आपल्या श्रमाने ती इमारत उभी करतात आणि तिच्या उद्घाटनाला औंध संस्थानचे राजे वाडीत येतात. हा प्रसंग का आवडला, हे सांगताना ‘त्यातून एकीचे बळ दिसते’ एवढ्यावर थांबू नये, कारण ते कुठल्याही पुस्तकाबद्दल म्हणता येते. लेखकाने काय केले आहे तिकडे बोट दाखवावे. तालमीच्या निमित्ताने एरवी आपापल्या मेंढरांमागे पांगलेली माणसे एका जागी येतात, आणि वाडी एकसंध गाव म्हणून वाचकाला दिसू लागते. आवडीमागचे कारण म्हणतात ते हे.

दुसरा प्रसंग शेकूच्या बायकोचा. बैल मिळत नाही तेव्हा ती स्वतः औताला खांदा देते. हा भाग सांगण्यापेक्षा वाचून दाखवलेला बरा. चार-पाच ओळींचा उतारा निवडावा, पुस्तकात त्या पानावर खूण घालून ठेवावी आणि घरी दोन-तीन वेळा मोठ्याने वाचून पाहावा. माडगूळकरांची वाक्ये छोटी असतात आणि ती भावनेचा गाजावाजा करत नाहीत. हा गुण ‘लेखकाची शैली साधी व ओघवती आहे’ या वाक्याने वर्गापर्यंत पोहोचत नाही, चार ओळी ऐकल्या की पोहोचतो. उतारा मात्र पाठोपाठ दोनदा वाचू नये आणि अर्ध्या मिनिटापेक्षा लांबवू नये.

टीका हा चारही भागांतला सर्वांत कठीण भाग, आणि शाळेत तोच बहुधा गाळला जातो. नामवंत लेखकाच्या पुस्तकात उणे कसे काढायचे, हा संकोच त्यामागे असतो. टीका म्हणजे निंदा नव्हे, हे विद्यार्थ्याला आधी सांगावे लागते. लेखकाने जे करायचे ठरवले ते कुठे साधले आणि कुठे साधले नाही, याची ती तपासणी आहे. त्यासाठी ‘मला जड गेले’ आणि ‘पुस्तकात उणे आहे’ यांतला फरक ओळखता यायला हवा. ‘बनगरवाडी’तले माणदेशी बोलीतले शब्द अनेक मुलांना अडतात. हा पुस्तकाचा दोष नाही, कारण ती माणसे दुसऱ्या भाषेत बोलली असती तर खोटी वाटली असती. ही अडचण शिफारशीच्या भागात सांगावी, म्हणजे पुढचा वाचक सावध होतो. टीकेत तिला जागा नाही.

खरी टीका कशी असते ते त्याच औताच्या प्रसंगावरून दाखवता येते. शेकूची बायको औत ओढताना दिसते, पण त्या वेळी तिच्या मनात काय चालले आहे हे वाचकाला कळत नाही. कारभाऱ्याची मुलगी अंजी कथेत महत्त्वाची आहे, तरी तिचे मन तिच्या बाजूने उघडत नाही. वाडीतल्या पुरुषांना मिळालेली जागा आणि बायकांना मिळालेली जागा यांत तफावत आहे. विद्यार्थ्याने एवढे सांगून लगेच दुसरी बाजूही मांडावी: सारी कथा तरुण मास्तर ‘मी’ म्हणून सांगतो, आणि अनोळखी गावात एकट्या राहणाऱ्या पुरुषाला बायकांचे जग जेवढे दिसेल तेवढेच तो दाखवणार. मग ही उणीव मानायची की निवेदनाची स्वाभाविक मर्यादा? विद्यार्थ्याने यांपैकी एक बाजू घ्यावी आणि तसे स्पष्ट म्हणावे. दोन्ही बाजू मांडून मध्येच सोडून दिले तर ऐकणाऱ्याला वाटते की बोलणाऱ्याचे मत ठरलेलेच नाही.

आवडलेला प्रसंग आणि टीका एकाच जागेतून निघाल्या की सादरीकरण घट्ट होते. आवडीचे मुद्दे एका पुस्तकाचे आणि टीकेचे दुसऱ्याच पुस्तकाचे वाटू लागले तर समजावे की टीका नुसती रकाना भरण्यासाठी लिहिली आहे. ‘मुखपृष्ठ आकर्षक नाही’, ‘छपाई बारीक आहे’ असे मुद्दे बहुधा याच वाटेने येतात.

आता सारांशाकडे वळता येते. मत ठरलेले असल्यामुळे तो दीड मिनिटात, म्हणजे दीडशे-पावणेदोनशे शब्दांत बसतो. मिनिटाला साधारण शंभर ते सव्वाशे शब्द ही वर्गात स्पष्ट ऐकू येणारी गती आहे. तीन प्रश्नांची उत्तरे पुरतात: गोष्ट कुठे व केव्हा घडते, कोणाला काय हवे आहे, आणि अडथळा काय आहे. ‘बनगरवाडी’चा सारांश असा सांगता येईल: ‘औंध संस्थानातल्या एका धनगरवाडीत राजाराम हा तरुण शिक्षक म्हणून येतो. शाळा आहे, पण मुले मेंढरांमागे रानात असतात. वाडीचा म्हातारा कारभारी त्याला हाताशी धरतो आणि शाळा भरू लागते. हळूहळू मास्तर वाडीच्या भानगडींत ओढला जातो. कागदपत्रांपासून भांडणांपर्यंत सगळे त्याच्याकडे येते. आनंदा रामोशासारखी उघडपणे चोरी करणारी माणसे त्याची होतात, आणि दादू बालट्यासारखी त्याच्यावर डोळा ठेवून असतात. मग तालीम बांधायची ठरते.’ इथे थांबावे. शेवटच्या भागात वाडीवर जे संकट येते ते सांगू नये, ‘त्यानंतर निसर्ग या गावाची परीक्षा घेतो’ एवढेच म्हणावे.

यात पात्रांची नावे मोजकीच आली आहेत. वर्गात ऐकताना चारापेक्षा जास्त नावे लक्षात राहत नाहीत, म्हणून बाकीची पात्रे ‘एक म्हातारा’, ‘एक रामोशी’ अशीच सांगावीत. सारांश मलपृष्ठावरच्या मजकुरावरून उतरवलेला असला की ते लगेच ओळखू येते. तिथे विशेषणे भरपूर असतात आणि घटना जवळजवळ नसतात. शिक्षकाने मधल्या एखाद्या प्रकरणाबद्दल प्रश्न विचारला की उरलेली शंकाही फिटते.

शिफारस अर्ध्या मिनिटाची. ‘सर्वांनी वाचावे’ ही शिफारस होत नाही. कोणी वाचावे, कोणाला कदाचित रुचणार नाही आणि वाचायला सुरुवात कशी करावी, हे सांगावे. या पुस्तकापुरते म्हणायचे तर: गावाकडच्या गोष्टी ज्याला आवडतात त्याने वाचावे, रहस्य किंवा वेगवान घडामोडी हव्या असणाऱ्याने वाट पाहण्याची तयारी ठेवावी, बोलीतले शब्द अडले तरी पहिली वीस-पंचवीस पाने न थांबता वाचावीत, पुढे ते संदर्भाने उमगतात. अमोल पालेकर यांनी 1995 मध्ये या कादंबरीवर चित्रपट केला आहे. तो आधी पाहू नये असेही सांगता येते, कारण मास्तराचा चेहरा मग वाचकाला स्वतः रंगवता येत नाही.

लेखक, प्रकाशनवर्ष आणि पुस्तकाचा प्रकार ही माहिती सुरुवातीच्या अर्ध्या मिनिटात उरकावी. लेखकाचे जन्मगाव, पुरस्कार, इतर पुस्तकांची यादी यांची परीक्षणाला गरज नसते. माडगूळकर स्वतः माणदेशातले होते हा तपशील मात्र ठेवावा, कारण भाषेच्या मुद्द्याशी त्याचा संबंध आहे. अशा रीतीने ओळखीला अर्धा मिनिट, सारांशाला दीड, आवडलेल्या भागांना दीड, टीकेला एक आणि शिफारशीला अर्धा, अशी पाच मिनिटे होतात. घरी घड्याळ लावून म्हणून पाहताना वेळ वाढली तर सारांशातून कापावे, टीकेतून नव्हे.

पूर्ण मजकूर लिहून तो वाचून दाखवू नये. पोस्टकार्डाएवढ्या पाच कागदांवर प्रत्येक भागाचे तीन-चार शब्द आणि उताऱ्याचा पान क्रमांक लिहावा. शिफारशीचे वाक्य तेवढे जसेच्या तसे पाठ असावे, म्हणजे वेळ संपल्याची घंटा मध्येच झाली तरी ते म्हणून थांबता येते. सादरीकरणानंतर वर्गातून हमखास येणारा प्रश्न ‘शेवटी काय होते?’ हाच असतो. त्याचे उत्तर न देता पुस्तक शाळेच्या ग्रंथालयात कुठल्या कपाटात आहे ते सांगावे.