स्टॉपलॉस लावला होता, तरी लाख रुपये कसे गेले?

31 जानेवारी 2024, बुधवार. बाजार बंद झाला तेव्हा पेटीएमचा, म्हणजे वन 97 कम्युनिकेशन्सचा शेअर 761 रुपयांवर होता. त्याच संध्याकाळी रिझर्व्ह बँकेचा आदेश आला: पेटीएम पेमेंट्स बँकेने 29 फेब्रुवारीनंतर नव्या ठेवी घ्यायच्या नाहीत, वॉलेटमध्ये पैसे भरून घ्यायचे नाहीत. दुसऱ्या दिवशी शेअर 20 टक्के खाली, 609 रुपयांच्या लोअर सर्किटला जाऊन अडकला. शुक्रवारी आणखी 20 टक्के उतरून 487 झाला. मग रोजच्या चढउताराची मर्यादा 10 टक्क्यांवर आणली गेली आणि सोमवारी, 5 फेब्रुवारीला, शेअर 438 रुपयांवर बंद झाला. तीन सत्रांत चाळीस टक्क्यांहून जास्त किंमत उडाली होती.

अशा पडझडीत सापडलेला माणूस दोनपैकी एक वाक्य बोलतो. ‘माझं नशीबच फुटकं’ किंवा ‘माझी अक्कलच गहाण पडली होती.’ दोन्ही वाक्यांनी मन हलके होते, पण पुढच्या सौद्यासाठी हाती काही लागत नाही. त्यापेक्षा तोटा रुपयांत मांडून त्याचे भाग पाडता येतात का, ते पाहू. किमती खऱ्या घेऊ, ट्रेडर मात्र काल्पनिक.

सौदा काय होता

समजा, या ट्रेडरचे भांडवल पाच लाख आहे. तो स्विंग ट्रेडिंग करतो, म्हणजे शेअर घेऊन काही दिवस ते काही आठवडे ठेवतो आणि मधली चाल पकडतो. एका सौद्यात भांडवलाच्या एक टक्क्याहून, म्हणजे पाच हजारांहून जास्त गमवायचे नाहीत, असा नियम त्याने स्वतःच वहीत लिहून ठेवला आहे. डिसेंबरमध्ये आपटलेला पेटीएम सावरत वर येतो आहे, हे चार्टवर पाहून तो 31 जानेवारीला बाजार बंद होता होता 760 रुपयांनी खरेदी करतो. स्टॉपलॉस 722 आणि लक्ष्य 830.

एका शेअरमागे जोखीम 38 रुपये. पाच हजारांना 38 ने भागले की साधारण 130 शेअर येतात. पण ‘चार्ट फारच चांगला दिसतोय’ म्हणून तो दुप्पट, म्हणजे 260 शेअर घेतो. जवळजवळ दोन लाख रुपये एकाच शेअरमध्ये जातात.

गुरुवारी सकाळी तो 722 ट्रिगर आणि 720 किंमत अशी स्टॉपलॉस ऑर्डर टाकून ठेवतो. शेअर उघडतो तोच 609 ला. ट्रिगर लागतो, पण ऑर्डरचा अर्थ ‘720 किंवा त्याहून जास्त मिळाले तरच विका’ असा आहे. 609 ला मिळणारी वस्तू 720 ला कोण घेणार? ऑर्डर नुसती पडून राहते. स्क्रीनवर एका बाजूला विकणाऱ्यांचे लाखो शेअर आणि समोर घेणारा रकाना रिकामा. दुपारी ‘एवढा स्वस्त परत मिळणार नाही’ म्हणत तो 609 ला आणखी 100 शेअर घेतो आणि त्याची खरेदीची ऑर्डर क्षणात पूर्ण होते. शुक्रवारी त्याचे डोळे उघडतात. तो विकायला रांगेत उभा राहतो, पण नंबर लागत नाही. सोमवारीही तेच. मंगळवारी सर्किट सुटल्यावर, सोयीसाठी 440 रुपये भाव धरू, तो सगळे विकून मोकळा होतो.

पहिल्या 260 शेअरवर प्रत्येकी 320 रुपये, म्हणजे 83,200. नंतरच्या 100 शेअरवर प्रत्येकी 169, म्हणजे 16,900. एकूण तोटा 1,00,100 रुपये. भांडवलाचा पाचवा हिस्सा गेला.

तोट्याची फोड

सर्वांत सोपा भाग आधी बाजूला काढू. 609 ला घेतलेले 100 शेअर हा नवा सौदा होता. त्याला ना स्टॉपलॉस होता ना लक्ष्य, आणि आदेश तोवर जगजाहीर झाला होता. हे 16,900 रुपये सरळ चुकीच्या निर्णयाचे. त्यातली एक खूण ध्यानात ठेवण्यासारखी आहे. विकायला गेलेल्याला गिऱ्हाईक मिळत नाही आणि घ्यायला गेलेल्याला माल लगेच मिळतो, तेव्हा आपण रांगेच्या कोणत्या टोकाला उभे आहोत, हे बाजारानेच सांगितलेले असते.

दुसरा भाग नियमाबाहेरच्या 130 शेअरचा. प्रत्येकी 320 प्रमाणे 41,600 रुपये. यावर कोणी म्हणेल की भाव 440 वर आला तो रिझर्व्ह बँकेमुळे, यात ट्रेडरचा काय दोष? भाव कुठे जाईल ते त्याच्या हातात नव्हते, पण त्या भावाने किती शेअरवर घाव घालावा ते होते. तो आकडा त्याने स्वतःच्या लेखी नियमाविरुद्ध ठरवला. म्हणून हे पैसेही निर्णयाच्या खात्यात जातात. दोन्ही मिळून 58,500 झाले, तोट्याच्या निम्म्याहून जास्त.

उरले नियमात बसणारे 130 शेअर आणि त्यांवरचे 41,600 रुपये. यातले 4,940 रुपये, म्हणजे शेअरमागे 38, त्याने आधीच मोजून पणाला लावले होते. तो धंद्याचा खर्च आहे. 722 पासून 609 पर्यंतची उडी रात्रीत झाली. मधल्या एकाही भावाला सौदा झाला नाही, त्यामुळे कोणत्याही प्रकारची ऑर्डर तिथे कामाला आली नसती. शेअरमागे 113 रुपयांप्रमाणे हे 14,690 रुपये निव्वळ दुर्दैवाचे.

मग 609 पासून 440 पर्यंतचे 21,970 रुपये कोणाचे? इथे प्रामाणिक उत्तर ‘अर्धवट’ असेच आहे. लोअर सर्किटला सौदे होतच नाहीत असे नाही. 2 फेब्रुवारीला मॉर्गन स्टॅनलीच्या एका संस्थेने 487 रुपयांच्या आसपास तब्बल 50 लाख शेअर घेतले, म्हणजे तेवढे कोणाचे तरी विकलेही गेले. सर्किटच्या भावाला ज्याची ऑर्डर आधी लागली, त्याचा माल आधी जातो. आदेश आदल्या संध्याकाळीच आला होता. गुरुवारी सकाळी नऊला प्री-ओपन सत्र सुरू होताच थेट 609 ला विक्री लावली असती, तर नंबर लागण्याची शक्यता होती, खात्री नव्हती. 720 ला अडकलेली ऑर्डर मात्र त्या रांगेत उभीच नव्हती. ती बदलली नाही, एवढी चूक ट्रेडरची. बदलूनही माल गेला नसता, तर ते नशीब.

दुर्दैव की न पाहिलेला धोका

त्या 14,690 रुपयांवरही एक आक्षेप घ्यायला हवा. आदेश त्याच संध्याकाळी येईल, हे कोणालाच सांगता आले नसते. पण असे काही येऊ शकते, हे दिसत होते. याच पेमेंट्स बँकेला नवे ग्राहक घेण्यास रिझर्व्ह बँकेने मार्च 2022 मध्येच मनाई केली होती. 7 डिसेंबर 2023 ला लहान कर्जे कमी करण्याच्या कंपनीच्या घोषणेनंतर हा शेअर एका दिवसात जवळपास 19 टक्के कोसळला होता. दोन महिन्यांपूर्वी असा आपटलेला शेअर, त्यात पाच टक्क्यांवरचा स्टॉपलॉस, आणि त्यालाच खरी जोखीम मानायचे?

शिवाय तेव्हा पेटीएम वायदे बाजारात नव्हता, त्यामुळे त्याला 20 टक्क्यांचे सर्किट लागू होते. वायदे बाजारातल्या शेअरला असे ठरीव सर्किट नसते. 17 जानेवारी 2024 ला निकालानंतर एचडीएफसी बँक आठ टक्क्यांहून जास्त घसरली, पण दिवसभर ज्याला विकायचे होते त्याला विकता आले. तिथे तोटा होतो, कोंडी होत नाही. हा फरक खरेदीआधी पाहता येतो. सर्किटच्या शेअरसाठी दुसरे गणित हवे: उद्या 20 टक्के खाली उघडला तर किती जातील? 760 चे 20 टक्के 152 रुपये. त्यावर भांडवलाच्या दोन टक्क्यांची, म्हणजे दहा हजारांची मर्यादा घातली, तर 65 शेअर येतात. म्हणजे 130 हा आकडा त्याच्या नियमात बसत होता, पण नियमच अपुरा होता. हा तोटा वहीत ‘दुर्दैव’ म्हणून लिहावा, पण त्याच्या पुढे नियमातली दुरुस्तीही लिहावी.

उलट प्रकारची नोंदही इथे सापडते. 1 फेब्रुवारीला अंतरिम अर्थसंकल्प होता आणि ती तारीख सर्वांना ठाऊक होती. आदल्या दिवशी दुप्पट माल घेऊन बसणे हा चुकीचाच निर्णय होता. शेअर पडला तो अर्थसंकल्पाने नव्हे, म्हणून ती चूक माफ होत नाही. चूक आणि नुकसान यांची गाठ दर वेळी पडतेच असे नाही.

निकाल झाकून वाचणे

हे सगळे वेगळे करता येते ते एकाच अटीवर: खरेदीच्या वेळी कारण, स्टॉपलॉस, शेअरची संख्या आणि येत्या दिवसांतल्या ठरलेल्या घटना लिहून ठेवलेल्या असल्या पाहिजेत. नंतर आठवून लिहिलेल्या नोंदी भरवशाच्या नसतात, कारण निकाल कळल्यावर आठवण आपोआप शहाणी होते. तपासताना निकाल झाकायचा आणि एकच प्रश्न विचारायचा: त्या दुपारी साडेतीन वाजता जे माहीत होते किंवा सहज कळू शकत होते, त्यावर हा निर्णय पुन्हा घेतला असता का?

पुढे घडलेल्या गोष्टींचा मोह इथेच टाळावा लागतो. मे 2024 मध्ये हा शेअर 310 पर्यंत गेला आणि नोव्हेंबरमध्ये 900 च्या वर निघाला. म्हणजे 609 ला ॲव्हरेज करणारा, धीर धरता तर, फायद्यात आला असता. तरीही तो निर्णय बरोबर ठरत नाही. काही आठवड्यांच्या हिशेबाने घेतलेला माल नऊ महिने सांभाळायचा, आणि मध्ये निम्मी किंमत जाताना पाहायची, असे त्याच्या वहीत कुठेही लिहिलेले नव्हते.

एका सौद्यावरून ट्रेडर चांगला की वाईट, हे ठरत नाही. पण नियमाबाहेर किती शेअर घेतले, हे एका सौद्यातही दिसते. आणि ते शोधायचे तर तोट्याची पाने पुरत नाहीत. हाच शेअर 830 ला गेला असता, तर 260 शेअरवर 18,200 रुपये मिळाले असते आणि दुप्पट खरेदीची चूक कौतुकात विरून गेली असती. म्हणून याच वहीतले फायद्याचे सौदेही याच पद्धतीने तपासावेत. दुप्पट माल घेण्याची सवय पेटीएमच्या दिवशी जन्माला आली नसेल, तर तिच्या खुणा आधीच्या नफ्यांतच सापडतील.