उद्याची यादी आज संध्याकाळी

कार्यालयातून निघण्याआधीची पंधरा-वीस मिनिटे राखून ठेवायची. दिवसभरात अर्धवट राहिलेली कामे एका जागी लिहून काढायची, प्रत्येकाचे पुढे नेमके काय करायचे ते ठरवायचे आणि त्यातून उद्याची आटोपशीर यादी तयार करायची. दिवस मिटवण्याचा हा नित्यक्रम एवढाच आहे. त्यात कोणतेही काम पूर्ण होत नाही, उलट या वेळात काम पूर्ण करायला बसायचे नाही, हाच त्याचा पहिला नियम. तरीही त्यानंतर डोक्यातली वर्दळ कमी होते. असे का व्हावे, याचा मानसशास्त्राने बराच शोध घेतला आहे.

त्याची सुरुवात बहुतेकदा ब्लूमा झायगार्निक यांच्यापासून सांगितली जाते. बर्लिनमध्ये कुर्ट लेविन यांच्या हाताखाली शिकताना त्यांनी लोकांना कोडी, मणी ओवणे, मातीच्या आकृत्या अशी छोटी छोटी कामे दिली आणि त्यांपैकी निम्मी मध्येच थांबवली. १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधानुसार लोकांना अर्धवट कामे पूर्ण झालेल्या कामांपेक्षा जवळजवळ दुपटीने आठवत होती. हा निष्कर्ष पुढे फार गाजला. मात्र नंतरच्या प्रयोगांत तो दर वेळी मिळाला नाही, त्यामुळे ‘अपुरे काम जास्त लक्षात राहते’ हा पक्का नियम मानणे धाडसाचे आहे. लेविन यांच्याच गटातल्या मारिया ओव्ह्सियानकिना यांनी वर्षभराने मांडलेली गोष्ट त्यापेक्षा भक्कम ठरली. मध्येच तोडलेले काम संधी मिळताच माणूस पुन्हा हातात घेतो, कोणी सांगितले नसले तरी. जेवताना मध्येच आठवणारी फाईल हे त्याच ओढीचे रूप म्हणता येईल.

नित्यक्रमाच्या दृष्टीने सर्वांत उपयोगी प्रयोग २०११ सालचा आहे. ई. जे. मासिकॅम्पो आणि रॉय बाउमायस्टर यांनी लोकांच्या मनात अपुरी उद्दिष्टे जागी केली आणि नंतर त्यांना वेगळ्याच कामाला बसवले. अपेक्षेप्रमाणे आधीची उद्दिष्टे मध्ये मध्ये डोकावत राहिली आणि हातातले काम बिघडले. पण ज्यांना त्या उद्दिष्टांसाठी नेमकी योजना लिहायला लावली होती, त्यांच्या बाबतीत हा त्रास बहुतांशी नाहीसा झाला. काम तर कोणाचेच झाले नव्हते. मनाला काम झाल्याची खूण हवी असते असे नाही, ते केव्हा आणि कसे होणार हे ठरले तरी त्याचे बऱ्यापैकी समाधान होते. संध्याकाळच्या पंधरा मिनिटांचा सगळा आधार हाच आहे. नुसती यादी पुरत नाही, यादीतल्या प्रत्येक ओळीत एक निर्णय असावा लागतो.

पहिला टप्पा गोळा करण्याचा. राहिलेली कामे एका ठिकाणी कधीच नसतात. काही मेलमध्ये असतात, काही व्हॉट्सॲपवर, काही टेबलावरच्या चिठ्ठ्यांवर, काही संगणकावर उघड्या ठेवलेल्या खिडक्यांत. सर्वांत निसटती कामे तोंडी सांगितलेली असतात. जिन्यात भेटल्यावर ‘ते जरा बघा’ म्हणून सोपवलेल्या कामाची कुठेच नोंद नसते. म्हणून या सगळ्या जागा दररोज त्याच क्रमाने पाहाव्यात आणि शेवटी मिनिटभर नुसते बसून डोक्यात आणखी काय आहे ते उतरवावे. घरची कामेही याच कागदावर यावीत. मुलाच्या शाळेचा अर्ज भरायचा राहिला असेल तर तो कार्यालयाच्या वेळेतही तितकाच टोचतो.

दुसरा टप्पा निर्णयाचा, आणि खरे कष्ट इथेच आहेत. त्यासाठी एक कल्पित पण नेहमीच्या धाटणीचा प्रसंग पाहता येईल. भोसरीतल्या एका लहान कारखान्यात हिशेब सांभाळणारा कर्मचारी आहे. महिन्याची १९ तारीख आहे, सव्वासहा वाजले आहेत आणि साडेसहाला निघायचे आहे. त्याच्या कागदावर पाच ओळी जमल्या आहेत: ‘३बी’, ‘पत्रा बिल’, ‘बँक फरक’, ‘नाशिक’, ‘चेक’. ही यादी दिसायला नीटनेटकी असली तरी तिने मनावरचे ओझे फारसे हलणार नाही, कारण यातली प्रत्येक ओळ नाम आहे. सकाळी ती वाचताना प्रत्येक वेळी नव्याने विचार करावा लागेल.

तो एकेक ओळ उघडतो. दरमहा विवरणपत्र भरणाऱ्याला जीएसटीआर-३बी भरण्याची शेवटची तारीख २० आहे, म्हणजे उद्याच. त्या दिवशी पोर्टलवर गर्दी असते, म्हणून ओळ अशी होते: ‘सकाळी १० वाजता, मेल उघडण्याआधी, ३बी भरणे, आकडे तपासलेल्या फाईलमधून घेणे.’ पत्र्याच्या पुरवठादाराचे एक बिल १४ तारखेला तयार झालेल्या जीएसटीआर-२बीमध्ये दिसत नाही, कारण त्याने ते आपल्या विवरणपत्रात दाखवलेलेच नाही. दिवसभर हीच गोष्ट डोक्यात घोळत होती. प्रत्यक्षात यात ठरवण्यासारखे थोडेच आहे: या बिलाची वजावट या महिन्यात घेता येणार नाही. मग दोन नोंदी उरतात. ‘उद्या ३ वाजता पुरवठादाराला फोन, पुढच्या विवरणपत्रात बिल टाकायला सांगणे’ आणि पुढच्या महिन्याच्या १४ तारखेच्या पानावर ‘२बीमध्ये पत्र्याचे बिल आले का पाहणे’. काम महिनाभर पुढे गेले, पण आज रात्री त्यात विचार करण्यासारखे काही राहिले नाही.

बँकेच्या जुळवणीत ४,७२० रुपयांचा फरक येतो आहे. इथे मोह होतो की पाच मिनिटांत शोधून टाकू, आणि त्या पाच मिनिटांचा तास होतो. त्याने लिहायची असते ती थांबल्याची जागा: ‘१२ तारखेपर्यंत जुळले. १३ पासून पुढे पाहणे. ४,००० रुपये शुल्क आणि त्यावर १८ टक्के जीएसटी असे असू शकते, आधी बँकेचे शुल्क तपासणे.’ शेवटचे वाक्य महत्त्वाचे आहे. संध्याकाळी डोक्यात असलेला अंदाज सकाळपर्यंत टिकत नाही आणि मग तोच रस्ता पुन्हा चालावा लागतो. सोफी लेरॉय आणि थेरेसा ग्लॉम्ब यांनी २०१८ मध्ये अशाच नोंदीचा अभ्यास केला. काम मध्येच सोडावे लागणाऱ्याने आपण कुठे आहोत आणि परतल्यावर काय करायचे हे थोडक्यात लिहिले, तर पुढच्या कामात त्याचे लक्ष कमी विभागले जाते, असे त्यांना आढळले.

‘नाशिक’ म्हणजे मालकांनी दुपारी जाता जाता टाकलेला शब्द. काय अपेक्षित आहे हेच स्पष्ट नसेल तर पुढचे काम विचारण्याचे असते, आणि तेच लिहावे: ‘मालकांना सकाळी विचारणे, नाशिकच्या पार्टीला खातेउतारा पाठवायचा की थेट वसुलीचा फोन करायचा?’ अशी बरीच रखडलेली कामे अवघड नसतात, संदिग्ध असतात. चेकवर मात्र भागीदाराची दुसरी सही हवी आहे आणि ते गुरुवारी परतणार आहेत. इथे आपल्या हातात काहीच नाही.

दुसऱ्यावर अडकलेल्या कामांसाठी वेगळी जागा लागते. महाराष्ट्रातल्या सरकारी कार्यालयांतल्या सहा गठ्ठे पद्धतीत हे चांगले ओळखलेले आहे. कागदपत्रांचे सहा भाग करताना ज्यावर स्वतः कार्यवाही करायची ती प्रकरणे वेगळी आणि ज्यांत कोणाच्या तरी उत्तराची वाट पाहायची ती प्रतीक्षाधीन प्रकरणे वेगळी ठेवली जातात. दोन्ही एकत्र बांधली की रोज सगळा गठ्ठा चाळावा लागतो. स्वतःच्या वहीतही प्रतीक्षेच्या पानावर तीन गोष्टी पुरतात: कोणाकडे, काय आणि कोणत्या तारखेपर्यंत वाट पाहायची. ‘चेक, दुसरी सही, गुरुवार’. तारीख नसेल तर ते पान विसरलेल्या कामांचे कोठार होते.

तिसरा टप्पा झटपट होतो. उद्याच्या भेटी आणि मुदती दिनदर्शिकेत पाहायच्या, मोकळा वेळ किती आहे ते मोजायचे आणि त्यात मावतील तेवढ्याच ओळी उद्याच्या पानावर घ्यायच्या. वरच्या उदाहरणात त्या चार आहेत: ३बी, मालकांना प्रश्न, बँक जुळवणी, पुरवठादाराला फोन. बाकी सगळे मोठ्या यादीत राहते. मोठी यादी आणि उद्याचे पान यांत गल्लत झाली की सकाळी तीस ओळी समोर येतात आणि माणूस त्यांतली सर्वांत सोपी उचलतो. कॅल न्यूपोर्ट या लेखकाने यानंतर ‘काम संपले’ अशा अर्थाचे एक ठरावीक वाक्य मोठ्याने म्हणायला सुचवले आहे. चारचौघांत ते विचित्र वाटेल, पण नंतर शंका आलीच तर ‘सगळे तपासूनच ते वाक्य म्हटले होते’ एवढे स्वतःला सांगता येते. पेनाचे टोपण लावून वही खणात ठेवण्यानेही तेच साधते.

हा नित्यक्रम बिघडतो तो ठरावीक जागी. ‘दोन मिनिटांत होणारे काम लगेच उरकावे’ हा डेव्हिड ॲलन यांचा प्रसिद्ध नियम एरवी चांगला आहे, संध्याकाळी मात्र घातक, कारण पाठवलेल्या मेलला लगेच उत्तर येते आणि मिटवलेला दिवस पुन्हा उघडतो. दुसरा बिघाड वहीतच दिसतो. एकच ओळ चार-पाच दिवस तशीच पुढच्या पानावर उतरत असेल, तर दोष बहुधा आळसाचा नसून त्या ओळीत कृती नाही हा असतो. ती आणखी लहान करावी, कोणाकडे सोपवावी किंवा सरळ खोडावी. तिसरा बिघाड म्हणजे दोन-तीन वह्या आणि फोनमधले एखादे ॲप एकाच वेळी चालवणे. नेमके कुठे लिहिले होते हे आठवावे लागत असेल, तर लिहूनही डोक्यावरचा भार तसाच राहतो.

हे काम झोपण्यापूर्वी करावे का, असाही प्रश्न येतो. अमेरिकेतील बेलर विद्यापीठात मायकेल स्कलिन आणि सहकाऱ्यांनी ५७ निरोगी तरुणांवर केलेला, २०१८ साली प्रसिद्ध झालेला प्रयोग त्या बाजूने बोलतो. झोपण्याआधी पाच मिनिटे पुढच्या कामांची यादी लिहिणाऱ्यांना, झालेली कामे लिहिणाऱ्यांपेक्षा सरासरी नऊ मिनिटे लवकर झोप लागली, आणि यादी जितकी तपशीलवार तितकी झोप लवकर. पण ती प्रयोगशाळेतली एक रात्र होती आणि सहभागी तरुण होते. शिवाय बँकेचा उतारा, मेल आणि चिठ्ठ्या घरी उशाशी नसतात. गोळा करणे आणि ठरवणे कार्यालयातच उरकावे. रात्री काही सुचलेच तर ते टिपायला एक कोरा कागद पुरतो, आणि तो सकाळी त्याच वहीत उतरवावा.

या पद्धतीने कामाचा डोंगर कमी होत नाही. रोज दहा तासांचे काम आठ तासांत मागितले जात असेल, तर वही फक्त तो फरक स्पष्ट दाखवते. वरिष्ठांशी बोलताना तिचा पुरावा म्हणून उपयोग होतो, एवढेच. पाळीने चालणाऱ्या कामांत, म्हणजे रुग्णालयातल्या परिचारिका किंवा कारखान्यातले पर्यवेक्षक यांच्याकडे, उद्याची यादी दुसऱ्याच माणसाच्या हाती जाते. तिथे हीच टिपणे पुढच्या पाळीला समोरासमोर वाचून द्यावी लागतात, आणि ‘थांबलो कुठे’ ही ओळ लिहिणाऱ्यापेक्षा वाचणाऱ्याला कळेल अशी असावी लागते. ज्यांना रात्री केव्हाही फोन येऊ शकतो, त्यांचा दिवस असा ठरल्या वेळी मिटतच नाही. त्यांनी निदान प्रतीक्षेचे पान आणि थांबल्याच्या जागेची नोंद एवढे तरी प्रत्येक काम सोडताना करावे.